इंडेक्स गेला कुठे?

ॲप बंद पडलं की दुसऱ्या दिवशी कंपनीत एक ईमेल फिरते. ती डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाने लिहिलेली असते. काय घडलं, कधी, कशामुळे, हे तिच्यात असतं. ‘डेटाबेस स्लो झाला होता’ एवढ्यावर ती संपली, तर तिचा काहीच उपयोग नाही. कारण शेवटपर्यंत खणून काढावं लागतं.

समजा, एका सेवेच्या ग्राहकांच्या तक्त्यात 2 कोटी नोंदी आहेत आणि ग्राहक मोबाइल नंबरवरून शोधला जातो. त्या रकान्यावर इंडेक्स असतो. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत शब्द पाहून थेट पान उघडावं, तसा डेटाबेस नेमक्या नोंदीवर पोचतो. काम काही मिलिसेकंदांत होतं.

आता नव्या रिलीजमध्ये हा रकाना अंकांऐवजी मजकुराचा करायचा ठरतं, कारण नंबराआधीचं ‘+91’ अंकांत साठवता येत नाही. नवा रकाना बनतो, माहिती त्यात उतरवली जाते, जुना काढला जातो आणि त्याचं नाव नव्याला मिळतं. घात इथेच होतो. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये रकाना काढला की त्याच्यावरचा इंडेक्सही मुकाट्याने जातो. एरर येत नाही, उत्तरंही बरोबर मिळतात. फक्त प्रत्येक वेळी 2 कोटी नोंदी चाळाव्या लागतात. टेस्टिंगच्या तक्त्यात हजारभरच नोंदी असल्याने तिथे फरक जाणवतच नाही.

रात्री रिलीज होतं, तेव्हाही सगळं ठीक दिसतं. एका शोधाला 8 सेकंद लागतात आणि डेटाबेसशी 40 कनेक्शन्स आहेत असं धरा. म्हणजे सेकंदाला फार तर 5 शोध निभतात. रात्री सेकंदाला एखादाच येतो. सकाळी 30 येऊ लागले की रांग वाढते, कनेक्शन्स संपतात आणि इंडेक्सशी संबंध नसलेली पानंही उघडेनाशी होतात. म्हणून बिघाड रात्रीचा असूनही बोंब सकाळी होते.

कारण शोधायला `EXPLAIN` ही आज्ञा आहे. तिच्या उत्तरात `Seq Scan` दिसलं, म्हणजे तक्ता पहिल्यापासून चाळला जातोय. उपाय एका ओळीचा:

```
CREATE INDEX CONCURRENTLY idx_customers_mobile
ON customers (mobile);
```

`CONCURRENTLY` वगळलं, तर इंडेक्स बनेपर्यंत तक्त्यात नवं काही लिहिता येत नाही आणि आधीच अडलेले ग्राहक आणखी अडतात. ते घातलं की वेळ जास्त लागतो, पण कामकाज चालू राहतं. मध्येच ते तुटलं, तर मागे `INVALID` इंडेक्स उरतो. शोधाला त्याचा काडीचाही उपयोग नसतो, तो काढून पुन्हा बनवावा लागतो.

ईमेलमध्ये हे सगळं वेळेसकट यायला हवं. ‘डेव्हलपरची चूक’ एवढंच लिहिणं मला अपुरं वाटतं, कारण ती चूक टेस्टिंगमध्येही कुणाला दिसली नव्हती. रिलीजच्या आधीची आणि नंतरची इंडेक्सची यादी ताडून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पुढच्या रिलीजपासून ती कोण पाहणार, हे ईमेलमध्ये नावानिशी लिहा.