पेशीच्या आकृतीचे विशालन आणि मापरेषा

जर्नलमध्ये कांद्याच्या पापुद्र्याची आकृती काढून झाली की खाली बहुतेक वेळा ‘१००×’ लिहिले जाते. आयपीस १०× आणि ऑब्जेक्टिव्ह १०×, म्हणून गुणाकार १००. हा आकडा सूक्ष्मदर्शकाचा आहे, आकृतीचा नाही. तीच पेशी कोणी बोटभर काढतो, कोणी पानभर, आणि दोघेही १००× लिहितात. आकृतीचे विशालन म्हणजे आकृतीतील लांबी भागिले पेशीची खरी लांबी.

त्यासाठी आधी खरी लांबी मिळवावी लागते. पारदर्शक मोजपट्टी ४× ऑब्जेक्टिव्हखाली ठेवली की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजता येतो. तो ४.५ मिमी भरला असे समजू. ऑब्जेक्टिव्हची शक्ती वाढते त्याच प्रमाणात हे वर्तुळ लहान होते. म्हणून आयपीस न बदलता १०× खाली व्यास ४.५ × ४ ÷ १० = १.८ मिमी, म्हणजे १८०० मायक्रोमीटर. आता मोजपट्टीच्या जागी पापुद्र्याची काचपट्टी ठेवावी आणि पेशींची लांबी व्यासाच्या दिशेने येईल अशी फिरवावी. मधोमध टोकाला टोक लावून ६ पेशी मावल्या, तर एकीची सरासरी लांबी ३०० मायक्रोमीटर.

वहीतील पेशी ९० मिमी लांब आहे. भागाकार करण्यापूर्वी दोन्ही मापे एकाच एककात आणणे अत्यावश्यक, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. ९० मिमी म्हणजे ९०,००० मायक्रोमीटर. त्याला ३०० ने भागले की विशालन ३००×. उत्तर ०.३ आले तर मिलिमीटरचे रूपांतर राहून गेले आहे. ३० आले तर ९० मिमी म्हणजे ९ सेंमी हे बरोबर घेऊनही पुढे सेंटिमीटरमध्ये १०,००० ऐवजी १,००० मायक्रोमीटर धरले गेले असण्याची शक्यता आहे.

मापरेषेसाठी १०० मायक्रोमीटरसारखी सोपी लांबी निवडावी. १०० × ३०० = ३०,००० मायक्रोमीटर, म्हणजे कागदावर ३० मिमी. आकृतीखाली ३ सेंमीची सरळ आडवी रेषा आखून तिच्यावर ‘१०० मायक्रोमीटर’ लिहावे. ‘३ सेंमी’ नव्हे. रेषा पेशीच्या एकतृतीयांश आहे आणि १०० हेही ३०० च्या एकतृतीयांश, म्हणजे गणित जुळले. पान झेरॉक्सवर निम्मे केले तर लिहिलेले ३००× खोटे ठरते, कारण विशालन १५० झालेले असते. मापरेषा मात्र आकृतीबरोबरच निम्मी होते आणि खरीच राहते. म्हणून दोन्हींपैकी एकच देता येणार असेल, तर मापरेषा द्यावी.

या पद्धतीत मिळते ती सरासरी. पेशी लहानमोठ्या असतात आणि कडेची पेशी अर्धीच दिसते, त्यामुळे ‘सुमारे ३००×’ लिहिणे अधिक प्रामाणिक. नेमकी तीच पेशी मोजायची तर आयपीसमध्ये आखीव काचचकती बसवतात आणि तिचे भाग स्टेज मायक्रोमीटरशी ताडून पाहतात. त्यावर सहसा १ मिमीचे १०० भाग असतात, प्रत्येक १० मायक्रोमीटरचा. ४०× खाली चकतीचे ४० भाग त्यातील १० भागांशी जुळले, तर चकतीचा एक भाग २.५ मायक्रोमीटरचा. ऑब्जेक्टिव्ह बदलला की ही ताडणी पुन्हा करावी लागते.