बंद केलेला प्लगइन, उघडं राहिलेलं दार

१ सप्टेंबर २०२० रोजी ‘सेरावो’ या फिनलंडमधल्या होस्टिंग कंपनीला ग्राहकांच्या काही वर्डप्रेस साइटवर अनोळखी फायली सापडल्या. माग काढत ते ‘फाइल मॅनेजर’ नावाच्या प्लगइनपाशी पोहोचले. त्या वेळी हा प्लगइन सात लाखांहून जास्त साइटवर होता. तो बनवणाऱ्यांनी त्याच दिवशी दुरुस्त केलेली ६.९ ही आवृत्ती काढली, पण तोवर हल्ले सुरू झाले होते आणि पुढचे कित्येक दिवस ते वाढतच गेले.

चूक म्हटलं तर एवढीशी होती. फायली चढवण्या-उतरवण्यासाठी प्लगइनमध्ये ‘एलफाइंडर’ ही आयती लायब्ररी घेतली होती. तिच्यासोबत एक नमुना फाइल येते. सर्व्हरने ती चालवू नये म्हणून तिच्या नावाला शेवटी `-dist` जोडलेलं असतं. प्लगइनमध्ये ते शेपूट काढलं गेलं आणि फाइल झाली `connector.minimal.php`. आता सर्व्हर ती चालवायला मोकळा झाला, आणि ही फाइल कुणाला ‘तू कोण’ म्हणून विचारतच नव्हती. तिचा पत्ता ठाऊक असलेला कुणीही स्वतःची PHP फाइल साइटवर चढवू शकत होता. एकदा ती चढली की साइट त्याचीच.

इथे मालकाचा पासवर्ड कितीही अवघड असता तरी उपयोग नव्हता, कारण हल्लेखोर लॉगिनच्या वाटेने आलाच नाही. ही फाइल वर्डप्रेसमधून न जाता थेट चालत होती. त्यामुळे ज्यांनी ‘सध्या लागत नाही’ म्हणून प्लगइन नुसता बंद करून ठेवला होता, त्यांचंही दार उघडंच होतं. डॅशबोर्डवरच्या `Deactivate` ने वर्डप्रेस तो प्लगइन वापरायचं थांबतं, पण त्याच्या फायली सर्व्हरवर राहतात. त्या जातात `Delete` केल्यावर. वापरात नसलेले प्लगइन आणि जुन्या थीम बंद करून ठेवायच्या नसतात, काढून टाकायच्या असतात.

नवा प्लगइन घेताना पहिला प्रश्न असा विचारावा, की हे काम त्याच्याशिवाय होतं का? फायली चढवायची सोय होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये असतेच. तेवढ्यासाठी साइटच्या आत आणखी एक यंत्रणा कशाला? प्लगइन लागणारच असेल, तर त्याच्या पानावर शेवटचं अपडेट केव्हा आलं आणि वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तो तपासलाय हे पाहावं. वर्ष-वर्ष हात न लागलेला प्लगइन टाळावा. पैसे मोजून घ्यायच्या प्लगइनची ‘फुकट’ प्रत भलत्याच साइटवरून उतरवू नये, कारण अशा प्रतींमध्ये चोरवाट आधीच बसवलेली सापडते.

चांगल्या प्लगइनचा मालक बदलू शकतो, हेही लक्षात ठेवावं. सुमारे दोन लाख साइटवर असलेला ‘डिस्प्ले विजेट्स’ हा प्लगइन २०१७ मध्ये विकला गेला. नव्या मालकाने अपडेटमधूनच असा कोड घुसवला, की लोकांच्या साइटवर परस्पर स्पॅम मजकूर दिसू लागला. शेवटी तो वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातून काढून टाकण्यात आला. मात्र एखादा प्लगइन असा काढला गेला, तरी तुमच्या डॅशबोर्डवर त्याची सूचना येत नाही. फक्त अपडेट यायचे थांबतात आणि सगळं आलबेल आहे असं वाटत राहतं. पैसे भरून घेतलेल्या प्लगइनचं लायसन्स संपलं की बहुधा असंच होतं. म्हणून महिन्यातून एकदा यादी उघडून प्रत्येकाचं पान पाहून यावं.

अपडेट पुढे ढकलणं किती महाग पडतं, हे २०१७ च्या सुरुवातीला दिसलं. वर्डप्रेसने २६ जानेवारीला ४.७.२ ही आवृत्ती काढली. तिच्यात बुजवलेलं एक गंभीर छिद्र त्यांनी मुद्दाम आठवडाभर गुप्त ठेवलं आणि १ फेब्रुवारीला जाहीर केलं. त्यानंतर काही दिवसांतच, अपडेट न केलेल्या साइटवरची लाखो पानं हल्लेखोरांनी बदलली. दुरुस्ती बाहेर आली की काय दुरुस्त केलं हे हल्लेखोरही वाचतात, आणि तिथून शर्यत सुरू होते. वर्डप्रेसची छोटी अपडेट २०१३ पासून आपोआप बसतात. प्लगइनसाठी ही सोय २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून आहे. यादीत प्रत्येक प्लगइनसमोर `Enable auto-updates` दिसतं. फॉर्म, गॅलरी अशा प्लगइनना ते लावून टाकावं. ऑर्डर आणि पैसे सांभाळणाऱ्या प्लगइनचं अपडेट मात्र बॅकअप घेऊन हाताने करावं आणि लगेच एक चाचणी ऑर्डर टाकून पाहावी.

लॉगिनचं दार अर्थातच बंद हवं. साइटच्या पत्त्यापुढे `/wp-json/wp/v2/users` लिहिलं की बऱ्याच साइटवर लेखकांची नावं दिसतात, त्यामुळे युजरनेम गुप्त आहे असं धरून चालू नये. भरवसा ठेवायचा तो लांब पासवर्ड, मोबाइलवरचा दुसरा कोड आणि चुकीच्या प्रयत्नांवरची मर्यादा यांवर. `xmlrpc.php` हीसुद्धा लॉगिनचीच दुसरी वाट आहे, वापरात नसेल तर होस्टिंगवाल्याकडून बंद करून घ्यावी. रोजचा मजकूर टाकणाऱ्याला अॅडमिन नव्हे, `Editor` चं खातं द्यावं. काम संपवून गेलेल्या डेव्हलपरचं खातं त्याच दिवशी काढावं.

एवढं करूनही साइट फुटू शकते, तेव्हा कामाला येतो बॅकअप. समजा, रत्नागिरीतला एक बागायतदार साइटवरून हापूसच्या पेट्या विकतो. रोज रात्री बॅकअप होतो, मागचे सात ठेवले जातात आणि तेही त्याच सर्व्हरवर. एप्रिलच्या मध्यावर कुणीतरी कळवतं, की गूगलवर त्याच्या साइटच्या नावाखाली जपानी अक्षरांतली पानं दिसतात. तपासात `uploads` फोल्डरमध्ये, जिथे फक्त फोटो असायचे तिथे, वीस दिवसांपूर्वीची एक PHP फाइल सापडते. म्हणजे सातही बॅकअपमध्ये घुसखोर आहेच. शिवाय सर्व्हरच ताब्यात असल्यावर ते बॅकअप पुसायलाही त्याला कुणी अडवणार नाही.

त्याने रोजचे सात, आठवड्याचे चार आणि महिन्याचे तीन असे बॅकअप दुसरीकडे, क्लाउडवर ठेवले असते, तर घुसखोरीआधीची प्रत मिळाली असती. तरी पेच राहतोच. तीन आठवड्यांपूर्वीचा डेटाबेस जसाच्या तसा बसवला, तर मधल्या सगळ्या ऑर्डर पुसल्या जातात. म्हणून वर्डप्रेस आणि प्लगइन मूळ जागेवरून नव्याने उतरवायचे, फोटो जुन्या प्रतीतून घ्यायचे आणि डेटाबेस आजचाच ठेवायचा. मग त्यात अनोळखी अॅडमिन खाती आणि घुसवलेला मजकूर शोधून काढायचा. हंगामात डेटाबेसचा बॅकअप दर तासाला हवा तो यासाठीच.

साइट पुन्हा उघडण्याआधी ज्या प्लगइनमधून घुसखोर आला तो काढायचा किंवा अपडेट करायचा, नाहीतर तो त्याच वाटेने परत येतो. अॅडमिन, होस्टिंग आणि डेटाबेसचे पासवर्ड बदलायचे. `wp-config.php` मधल्या गुप्त किल्ल्याही बदलायच्या, म्हणजे आत बसलेल्या प्रत्येकाचं लॉगिन एका झटक्यात तुटतं. ही सगळी कसरत पहिल्यांदाच ऐन एप्रिलमध्ये करायची वेळ येऊ नये. म्हणून हंगामाआधी, डिसेंबर-जानेवारीत, एक बॅकअप चाचणीच्या पत्त्यावर उभा करून पाहावा. किती वेळ लागला आणि काय अडलं हे कागदावर लिहून ठेवावं.