"प्रिंटर दिसत नाही": रिलीजनंतर सपोर्टसाठी एफएक्यू लिहिताना

समजा, दुकानदारांच्या बिलिंग अ‍ॅपची 5.1 ही आवृत्ती काल रात्री आली आणि सकाळी दुकानं उघडताच सपोर्टचे फोन वाजू लागले: ब्लूटूथ प्रिंटर यादीत दिसत नाही. डेव्हलपरना कारण लगेच सापडतं. ही आवृत्ती अँड्रॉइड 12 च्या नियमांप्रमाणे बांधली आहे आणि त्या नियमांत प्रिंटरशी जोडायला Nearby devices ही वेगळी परवानगी लागते. दुकानदाराने गिऱ्हाइकांच्या गर्दीत ती नाकारली. दोनदा नाकारली की फोन पुन्हा विचारतच नाही.

एफएक्यूत मात्र मथळा "प्रिंटर दिसत नाही" असाच हवा. सपोर्टवरची मुलगी फोन कानाला लावून शोधत असते आणि जे ऐकलं तेच टाइप करते. परवानगीचं तांत्रिक नाव मथळ्यात घातलं, तर नोंद असूनही तिला मिळणार नाही.

मथळ्याखाली आधी ओळख पटवणारा प्रश्न: फोनवर अँड्रॉइड कितवं? 11 किंवा त्याखालचं असेल तर ही परवानगी त्या फोनवर नसतेच, म्हणजे दुखणं वेगळं आहे. इथेच थांबून तक्रार पुढे पाठवायची. हा प्रश्न नसला की दुकानदाराला नसलेलं बटण दहा मिनिटं शोधायला लावलं जातं.

12 किंवा वरचं असेल तर तात्पुरता उपाय: Settings, Apps, आपलं अ‍ॅप, Permissions, Nearby devices, Allow, मग अ‍ॅप बंद करून उघडा. कंपनीगणिक मेनू थोडे बदलतात आणि फोन मराठीत असेल तर नावंही बदलतात, म्हणून दोन्ही भाषांतले स्क्रीनशॉट सोबत द्यावेत.

यानंतरची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची: "अ‍ॅप काढून पुन्हा टाका असं सांगू नका." सवयीने तेच सांगितलं जातं, आणि त्याने प्रिंटर चालूही होईल. पण अ‍ॅप काढलं की फोनमधला त्याचा डेटा जातो. नेट नसताना केलेली आणि सर्व्हरवर न चढलेली बिलं त्याच्यासोबत जातात.

पुढे कधी पाठवायचं, तेही मोघम नको. "गरज वाटल्यास" म्हटलं की एक जण सगळंच पाठवतो, दुसरा काहीच नाही. परवानगी देऊनही प्रिंटर दिसत नसेल, तर अ‍ॅपची आवृत्ती, फोनचं मॉडेल, प्रिंटरचं मॉडेल आणि परवानगीच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडून तिकीट. बिलं गायब झाली किंवा एकच बिल क्रमांक दोनदा आला, तर काहीही करून न बघता त्या दिवशीच्या जबाबदार डेव्हलपरला थेट फोन.

नोंदीवर "5.1 साठी, 5.1.1 मध्ये दुरुस्ती" असं स्पष्ट असावं. दुरुस्ती आली म्हणून ती लगेच पुसू नये. अपडेट न केलेले दुकानदार पुढेही काही आठवडे फोन करत राहतात.