चोरी एक्स्चेंजची, घबराट सगळ्यांची

21 फेब्रुवारी 2025 रोजी ‘बायबिट’ या एक्स्चेंजमधून सुमारे चार लाख इथर चोरीला गेले. किंमत जवळपास दीड अब्ज डॉलर. बातमी फुटताच सुमारे 2,800 डॉलरवर असलेला इथर काही तासांत 2,650 च्या आसपास घसरला. घाबरून विकणाऱ्यांनी नेमका हाच भाव घेतला.

अशा वेळी आधी एकच गोष्ट तपासावी: चोरी कशाची झाली? इथे इथेरियमचं जाळं शाबूत होतं. फसली ती एक्स्चेंजची सही करण्याची पद्धत. म्हणजे स्वतःच्या वॉलेटमध्ये इथर असलेल्याला विकण्याचं कारण या बातमीत नव्हतं. पैसे त्याच एक्स्चेंजवर असतील, तर मात्र प्रश्न भावाचा नसून पैसे काढता येतात का, हा असतो. बायबिटने विड्रॉवल चालू ठेवलं. जुलै 2024 मध्ये वझीरएक्सने ते थांबवलं आणि आपल्याकडचे असंख्य ग्राहक अडकले. तिथे विकूनही रुपये हातात येत नव्हते.

चार्टवर सहसा आधी लांब लाल कॅन्डल आणि प्रचंड व्हॉल्यूम दिसतो. त्यातली बरीच विक्री उधारीवरचे सौदे आपोआप कापले गेल्याने होते. ती ओसरली की भाव उसळतो. इथरही दोन दिवसांत पुन्हा 2,800 ला भिडला. पण या उसळीला तेजी समजू नये. पुढच्याच आठवड्यात सगळा बाजार पडला, तेव्हा इथर 2,300 च्याही खाली गेला.