डिस्चार्ज कार्ड मराठीत उतरवताना

अँजिओप्लास्टीनंतर आबांना घरी सोडलं, तेव्हा त्यांच्या सुनेने डिस्चार्ज कार्ड माझ्यापुढे धरलं. "ताई, यातलं आम्ही काय करायचं तेवढं मराठीत लिहून द्या."

कार्ड चार पानांचं. पहिली तीन पानं आजाराची आणि तपासण्यांची. ती मी दोन वाक्यांत सांगितली : हृदयाची रक्तवाहिनी तुंबली होती. ती फुग्याने उघडून आत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवली आहे. एवढं सोपं केलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. चौथ्या पानावर मात्र गोळ्यांचा तक्ता आणि सूचना असतात. तिथे शब्द सोपे करायचे, पण आकडा, अट आणि मनाई यांना हात लावायचा नाही.

आधी आकडे. तक्त्यात अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन 40 मिलिग्रॅम, पुढे 'एचएस' असं होतं. एचएस म्हणजे रात्री झोपताना. "रात्री 1 गोळी" असं लिहिलं असतं तर ते अपुरं ठरलं असतं, कारण दुकानात याच औषधाची 20 ची पट्टीही मिळते आणि मग निम्माच डोस पोटात जातो. म्हणून लिहिलं : "40 मिलिग्रॅमची 1 गोळी, रात्री झोपताना." औषधाचं नाव पट्टीवर छापलंय तसंच इंग्रजी अक्षरांतही उतरवलं, म्हणजे घरी अक्षराला अक्षर लावून पाहता येतं.

आकडे मी कार्डावरचेच ठेवते, देवनागरी करत नाही. मराठी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ इंग्रजी 8 सारखा. एका कागदावर दोन्ही लिप्यांचे आकडे आले की घाईत चूक होते. अर्ध्या गोळीला ".5" न लिहिता "अर्धी गोळी" असं अक्षरांत लिहिते, कारण टिंब पुसट झालं की अर्ध्याच्या पाच होतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका छोट्या ओळीवर : सॉर्बिट्रेट 5 मिलिग्रॅम, एस/एल, एसओएस. एस/एल म्हणजे जिभेखाली. एसओएस म्हणजे गरज पडल्यास. पण "गरज पडल्यास 1 गोळी" असं वाचून घरच्यांना काय कळणार? गरज कशाला म्हणायचं? एका गोळीने थांबलं नाही तर? कार्डावर याचं उत्तर नव्हतं. आपल्याला माहीत असलं तरी अशी रिकामी जागा आपण भरायची नसते. मी वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी आबांसाठी सांगितलं तेच लिहिलं : "छातीत दुखलं तर आधी खाली बसायचं. 1 गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. 5 मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर लगेच 108 ला फोन करायचा आणि दुसरी गोळी ठेवायची. आणखी 5 मिनिटांनी तिसरी. 3 पेक्षा जास्त नाही." बसायचं अशासाठी की या गोळीने रक्तदाब उतरतो आणि उभा माणूस चक्कर येऊन पडू शकतो.

मग सूचना. अ‍ॅस्पिरिन 75 आणि क्लोपिडोग्रेल 75, दोन्ही "रक्त पातळ होण्याच्या गोळ्या" म्हणून ओळखल्या जातात. नुसतं तेवढंच लिहिलं तर घरच्यांना वाटतं, एकाच कामाच्या दोन आहेत, एक बंद केली तरी चालेल. तसं केलं तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. म्हणून कारणासकट लिहिलं : "दोन्ही गोळ्या स्टेंट बंद पडू नये म्हणून आहेत. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली एकही बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी आधी त्यांना विचारायचं." इथे "शक्यतो बंद करू नये" असं लिहिण्याचा मोह होतो, कारण ते कानाला सौम्य वाटतं. पण 'शक्यतो' आला की मनाई सल्ला होऊन बसते. खालच्या ओळीत काळी शौच झाली तर "लगेच या" असं होतं. त्याचंही "डॉक्टरांना दाखवा" केलं नाही. त्यातला 'लगेच' महत्त्वाचा.

कागद तयार झाल्यावर नर्सने मूळ कार्ड हातात धरलं आणि मी माझा मराठी कागद मोठ्याने वाचला. प्रत्येक आकड्यावर तिने खूण केली. मग सुनेला "कळलं का?" असं विचारलं नाही, कारण त्याला सगळे "हो"च म्हणतात. विचारलं, "रात्री दोन वाजता आबांच्या छातीत दुखलं तर काय कराल?"

ती म्हणाली, "पाणी देऊन गोळी देईन."

कागदावर "गिळायची नाही" असं स्वच्छ लिहिलेलं होतं, तरी रोजच्या सवयीने पाणी आलंच. त्या ओळीत मी भर घातली : "गोळीबरोबर पाणी द्यायचं नाही." डॉक्टरांना दाखवली आणि तिला पुन्हा विचारलं. या वेळी तिने आधी आबांना खाली बसवलं.