उलटी ज्योत

दहावीच्या वर्गात खिडक्या लावून घ्या. 10 सेंटिमीटर नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगापासून 15 सेंटिमीटरवर मेणबत्ती पेटवा आणि पलीकडचा पडदा हळूहळू मागे सरकवा. 30 सेंटिमीटरला ज्योत स्पष्ट दिसते, उलटी आणि दुप्पट मोठी.

वहीत मात्र u = −15 लिहायचं, v = +30. उणे चिन्ह विसरलं की सूत्रातून f भलताच येतो. मुलं हमखास स्टँडच्या कडेपासून मोजतात; मोजायचं भिंगाच्या मध्यापासून. मेणबत्ती जळून खुजी होते, तशी पडद्यावरची ज्योत वर सरकते (हे मुलांनाच शोधू द्यावं). शेवटी मेणबत्ती 8 सेंटिमीटरवर आणा. पडदा कुठेही न्या, प्रतिमा मिळत नाही. ती भिंगातूनच पाहावी लागते, सुलटी.