सहा टक्क्यांचे चाळीस टक्के कसे झाले?

फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर एक बातमी गाजली. छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरांकडे आलेल्या स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना हृदयाच्या पुढच्या तपासणीसाठी पाठवलं जाण्याची शक्यता पुरुषांच्या आणि गोऱ्यांच्या तुलनेत ४० टक्क्यांनी कमी असते, असं तिचं सार होतं. तपासणी म्हणजे कॅथेटर घालून केली जाणारी, आपण ढोबळपणे अँजिओग्राफी म्हणतो ती. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामवंत नियतकालिकात आलेल्या अभ्यासावर ही बातमी आधारलेली होती. रुग्णांची भूमिका करणाऱ्या नटनट्यांच्या चित्रफिती ७२० डॉक्टरांना दाखवून ‘तुम्ही याला तपासणीला पाठवाल का?’ असं त्यात विचारलं होतं.

आता त्याच अभ्यासातले मूळ आकडे पाहा. पुरुष रुग्णांपैकी ९०.६ टक्क्यांना तपासणीला पाठवलं गेलं, स्त्रियांपैकी ८४.७ टक्क्यांना. गोरे आणि कृष्णवर्णीय यांची तुलना केली तरी हेच दोन आकडे येतात. फरक आहे, पण तो सहा टक्क्यांच्या आसपास. मग चाळीस आले कुठून? अभ्यासात कुणी खोटं लिहिलं नव्हतं. संशोधकांनी हिशेब ‘ऑड्स’मध्ये मांडला होता आणि बातमीदारांनी तो ‘संभाव्यता’ समजून वाचला.

संभाव्यता आपल्याला दहावीच्या बीजगणितापासून ठाऊक असते. हव्या त्या घटना भागिले एकूण घटना. लुडोत सोंगटी बाहेर काढायला सहा पडावा लागतो. फाशाला सहा बाजू, त्यांतली एक आपली, म्हणून संभाव्यता एक षष्ठांश, म्हणजे सुमारे १७ टक्के. ऑड्समध्ये मात्र भागाकार एकूण घटनांनी होत नाही. तिथे आपल्या बाजूच्या घटना एकीकडे आणि विरुद्ध बाजूच्या दुसरीकडे ठेवतात. सहा पडण्याची एक बाजू, न पडण्याच्या पाच. म्हणून सहा पडण्याचे ऑड्स १ ला ५, आणि न पडण्याचे ५ ला १.

नवख्या वाचकाची पहिली चूक इथेच होते. ‘१ ला ५’ ऐकलं की पाचातून एक, म्हणजे वीस टक्के, असं मनात येतं. पण पाच हा एकूण आकडा नाही, ती फक्त विरुद्ध बाजू आहे. एकूण हवे असतील तर दोन्ही बाजूंची बेरीज करायची. एक अधिक पाच म्हणजे सहा, आणि सहातून एक. ऑड्सवरून संभाव्यतेकडे जायची रीत एवढीच आहे. उलट जायचं तर टक्केवारी घ्या आणि शंभरातून उरलेल्या भागाने तिला भागा. पावसाची शक्यता ८० टक्के असेल तर न येण्याची २०. ८० भागिले २० म्हणजे ४. ऑड्स झाले ४ ला १.

हे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात, पण ते सारख्या वेगाने वाढत नाहीत. शक्यता १ टक्का असते तेव्हा ऑड्स १ ला ९९, म्हणजे जवळपास तेवढेच. ५० टक्क्यांना ऑड्स १. ९० टक्क्यांना ९. आणि ९९ टक्क्यांना एकदम ९९. म्हणजे शक्यता ९० वरून ९९ वर गेली, जेमतेम एक दशांशाने वाढली, तर ऑड्स अकरापट होतात. गाजलेल्या बातमीचं गुपित या वरच्या टोकाला दडलेलं आहे. पण तिथे जाण्याआधी ऑड्स मुळात कशासाठी सोयीचे असतात ते पाहू, आणि त्यासाठी जरा पैशांच्या खेळाकडे वळावं लागेल.

समजा, लुडो खेळताना मित्र म्हणाला, ‘सहा पडला तर मी तुला चार रुपये देतो, नाही पडला तर तू मला एक दे.’ एकाला चार, सौदा बरा वाटतो. पण सहा वेळा फासा टाकला तर सरासरी पाचदा तुमचा एकेक रुपया जाणार आणि एकदाच चार येणार. दर सहा डावांमागे एक रुपया मित्राच्या खिशात. पाच रुपये देऊ केले असते तर येणं-जाणं सारखं झालं असतं. रास्त भाव म्हणजे हेच. देऊ केलेली रक्कम घटनेच्या खऱ्या ऑड्सइतकी असेल तर सौदा रास्त, कमी असेल तर दुसऱ्याचा फायदा त्या फरकात दडलेला. अर्थात रास्त भावातही एखाद्या संध्याकाळी सलग वीस डाव हरता येतं. रास्तपणा सरासरीचा असतो, एका डावाचा नव्हे.

गोव्यात मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या जहाजांवर कॅसिनो चालतात. कॅसिनोतल्या रूलेच्या एक शून्यवाल्या चक्रावर ३७ खाचा असतात, शून्य आणि १ ते ३६. एका आकड्यावर पैसे लावले तर जिंकण्याची एक खाच, हरण्याच्या छत्तीस. रास्त भाव ३६ ला १. रूलेत प्रत्यक्षात मिळतात ३५ ला १. शंभर-शंभर रुपये ३७ वेळा लावले तर ३,७०० जातात. सरासरी एकदा जिंकून ३,५०० आणि लावलेले १०० परत येतात. शंभर रुपये कॅसिनोचे. टक्केवारीत २.७. चक्रावर दोन शून्यं असतील तर खाचा ३८ होतात, भाव तोच राहतो आणि कॅसिनोचा वाटा ५.३ टक्क्यांच्या आसपास जातो. चक्रात काही लबाडी नसते, लागतही नाही.

घोड्यांच्या शर्यतीत खरी संभाव्यता कुणालाच ठाऊक नसते, तरी भाव रास्त आहेत की नाहीत हे बेरजेवरून कळतं. समजा चार घोडे आहेत आणि फळ्यावरचे भाव आहेत १ ला १, २ ला १, ४ ला १ आणि ५ ला १. शर्यतीतले भाव घोडा हरण्याच्या बाजूने सांगतात, हे ध्यानात ठेवायचं. मग जिंकण्याच्या संभाव्यता होतात ५०, ३३.३, २० आणि १६.७ टक्के. बेरीज १२०. चारांपैकी एकच घोडा जिंकणार, म्हणजे बेरीज शंभरच हवी. वरचे वीस हा बुकीने आधीच धरून ठेवलेला नफा. कुठलाही घोडा जिंकला तरी हातात शंभर रुपये यावेत असं वाटत असेल, तर या फळ्यावर १२० रुपये लावावे लागतील.

आता त्या अभ्यासाकडे. पुरुष रुग्णांना तपासणीला पाठवण्याचे ऑड्स काढू. ९०.६ भागिले ९.४, उत्तर ९.६. स्त्रियांचे ८४.७ भागिले १५.३, म्हणजे ५.५. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की येतात साधारण ०.६. याला ऑड्स रेशो म्हणतात, आणि अभ्यासात छापलेला आकडा हाच होता. ०.६ म्हणजे एकापेक्षा ०.४ ने कमी, म्हणून ‘४० टक्क्यांनी कमी’. ऑड्स खरोखरच ४० टक्क्यांनी कमी होते. शक्यता मात्र ८४.७ भागिले ९०.६, म्हणजे ०.९३ पट होती. घट सात टक्क्यांच्या आत. त्याच वर्षी जुलैत लिसा श्वार्ट्झ, स्टीव्हन वोलोशिन आणि गिल्बर्ट वेल्च यांनी त्याच नियतकालिकात हा घोळ उलगडून दाखवला.

त्यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. चारही गट वेगळे केले तेव्हा गोरे पुरुष, गोऱ्या स्त्रिया आणि कृष्णवर्णीय पुरुष या तिन्ही गटांत प्रमाण ९०.६ टक्केच होतं. फक्त कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ते ७८.८ टक्के होतं. म्हणजे अभ्यासात दिसलेला सगळा फरक एकाच गटाच्या वाट्याला आला होता. तोही किरकोळ नाही, कारण तपासणीला न पाठवलेल्यांचं प्रमाण बाकीच्या गटांत ९.४ टक्के, तर या स्त्रियांमध्ये २१.२ टक्के, दुपटीहून जास्त. भेदभाव झालाच नाही असं यातून निघत नाही. तो कुणाशी आणि किती झाला, ते ‘४० टक्के’ या आकड्याने झाकून टाकलं होतं.

मग संशोधक सरळ टक्केवारीच का देत नाहीत? काही अभ्यासांत ती काढताच येत नाही. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी लंडनच्या रुग्णालयांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष रुग्ण घेतले आणि इतर आजारांचे तेवढेच. कर्करोगवाल्यांत धूम्रपान करणारे ६४७ आणि न करणारे २, तर दुसऱ्या गटात ६२२ आणि २७. इथे निम्म्या लोकांना कर्करोग आहे, पण तो संशोधकांनी तसे लोक निवडले म्हणून. त्यावरून धूम्रपान करणाऱ्याला कर्करोग होण्याची संभाव्यता मिळत नाही. ऑड्सचं गुणोत्तर मात्र या निवडीने बिघडत नाही. ६४७ भागिले २, आणि त्याला भागिले ६२२ बाय २७. उत्तर येतं १४. शिवाय फुप्फुसाचा कर्करोग एकूण लोकसंख्येत विरळ, आणि विरळ घटनेत ऑड्स व संभाव्यता जवळपास सारखेच असतात, म्हणून ‘धोका सुमारे चौदापट’ असं वाचलं तरी फारसं चुकत नाही. तपासणीला पाठवणं ही नव्वद टक्के वेळा घडणारी गोष्ट होती, आणि सगळी गल्लत तिथे झाली.

आरोग्याच्या बातमीत ‘ऑड्स रेशो २’ असं दिसलं की ‘धोका दुप्पट’ असं म्हणण्याआधी मूळ टक्केवारी शोधा. ती १० असेल तर ऑड्स १ ला ९. त्यांची दुप्पट २ ला ९, आणि परत संभाव्यतेत आणले तर अकरातून दोन, म्हणजे १८ टक्के. दुपटीच्या जवळच. मूळ टक्केवारी ५० असेल तर ऑड्स १ ला १, दुप्पट २ ला १, म्हणजे ६७ टक्के, दीडपटीहूनही कमी. आणि ती ९० असेल तर ९ ला १ चे १८ ला १ होतात आणि शक्यता जाते जेमतेम ९५ टक्क्यांवर.